दात काढल्या काढल्या बसवलेली कवळी: सैल का होते, रिलाइन कधी करायचं, आणि असेच नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यात कवळ्यांचंच काम करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, अर्धे पेशंटचे आणि अर्धे त्यांच्या मुलामुलींचे, जे ऐरोली नाहीतर वाशीच्या ऑफिसात बसून 'बाबांची कवळी हलतेय, काय करू' असं टाइप करतात. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. हे फक्त इमिजिएट कवळीबद्दल आहे, म्हणजे दात काढले त्याच बैठकीत जी तोंडात बसते ती. इम्प्लांटचा विषय इथे घेतलेला नाही.

१. इमिजिएट कवळी म्हणजे नक्की काय? साध्या कवळीपेक्षा काय वेगळं असतं?

साध्या पद्धतीत आधी दात काढतात, मग हिरडी भरायला दोन-तीन महिने तरी थांबतात, आणि मग माप, ट्रायल, कवळी. तेवढे दिवस माणूस बोळक्या तोंडाने फिरतो. इमिजिएटमध्ये दात तोंडात असतानाच माप घेऊन कवळी तयार करून ठेवतात आणि ज्या दिवशी दात काढायचे त्याच दिवशी ती बसवतात. फायदा उघड आहे, एक दिवसही दाताविना राहावं लागत नाही. शिवाय तुमचे स्वतःचे दात तोंडात असतात तोवर ते किती लांब होते, ओठाला किती आधार देत होते, तोंड मिटल्यावर उंची किती होती हे सगळं बघून नवे दात लावता येतात. एकदा दात गेले की हे सगळं अंदाजाने करावं लागतं.

तोटा असा की ही कवळी ज्या जबड्यासाठी बनते तो जबडा तेव्हा अस्तित्वातच नसतो. पुढचे सगळे प्रश्न ह्या एका गोष्टीतून येतात.

२. दात अजून जागेवर आहेत, मग कवळीचं माप घेतात तरी कसं?

तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचं मॉडेल करतात. मग लॅबमध्ये त्या मॉडेलवरचे दात एकेक करून कापतात, कापलेली जागा घासून गोल करतात, जणू तिथे दात काढून हिरडी मिटली आहे असं समजून, आणि त्या मॉडेलवर कवळी बनते. किती घासायचं हे डॉक्टरच्या आणि टेक्निशियनच्या अनुभवावर असतं. प्रत्यक्षात दात काढल्यावर हाड थोडं वेगळं निघू शकतं, म्हणून बरेच डॉक्टर सोबत एक पारदर्शक प्लेट बनवून घेतात. दात काढल्यावर ती आधी दाबून बघायची, जिथे हिरडी पांढरी पडते तिथे हाडाचा उंचवटा आहे, तेवढा गुळगुळीत करायचा आणि मग कवळी बसवायची.

आणि हो, पुढच्या दातांची ट्रायल होत नाही. स्वतःचे दात जागेवर असताना नवे लावून दाखवणार कुठे? त्यामुळे जुना हसरा फोटो असेल तर माप द्यायला येताना आणा, आणि 'मला दात जरा लहान हवेत', 'ही मधली फट नकोय' वगैरे जे काय असेल ते आधी बोला.

३. सगळे दात एकदम काढायचे का आधी दाढा आणि मग पुढचे?

तब्येत आणि वेळ दोन्ही असतील तर मी दोन टप्प्यांच्या बाजूने आहे. आधी मागच्या दाढा काढायच्या, पुढचे दात ठेवायचे, दिसायला काही फरक पडत नाही. तीन ते सहा आठवड्यांत मागची हिरडी बऱ्यापैकी भरते, मग माप घ्यायचं. अशाने कवळीचा मागचा भाग भरलेल्या हिरडीवर बसतो आणि फक्त पुढची जागा ताजी असते. मागच्या दातांची ट्रायलही घेता येते.

सगळे एकदम काढून बसवलेली कवळीही चालते, पण तिला तात्पुरतीच समजा. 'एका दिवसात नवे दात' असं बोर्डावर लिहिलेलं असतं ना, ते खोटं नाहीये, फक्त ते दात कायमचे आहेत असा लोकांचा समज होतो आणि कोणी तो दूर करत नाही.

४. डॉक्टर म्हणाले पहिले २४ तास कवळी काढायची नाही. पण थुंकीत रक्त दिसतंय, काढून बघू का?

नाही, काढू नका. दोन कारणं आहेत. एक, कवळी जखमेवर पट्टीसारखी दाबून बसलेली असते, खोबणीतली रक्ताची गुठळी तिच्यामुळे जागेवर राहते. दुसरं जास्त महत्त्वाचं, पहिल्या दोन दिवसांत हिरडी सुजते. सुजताना कवळी आत असेल तर सूज तिच्या आकाराच्या मर्यादेत राहते, बाहेर असेल तर हिरडी फुगते आणि मग कवळी परत आत जात नाही. हे होतं, आणि मग आठ-दहा दिवस सूज उतरायची वाट बघावी लागते, तोपर्यंत हाडाचा आकार बदललेला असतो.

थुंकी गुलाबी दिसणं पहिल्या दिवशी ठीक आहे, थोडं रक्त लाळेत मिसळलं की खूप वाटतं. सारखं थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका, सिगारेट-तंबाखू बंद. कवळीवर दात हलके दाबून बसा. पण तोंड लालभडक रक्ताने परत परत भरत असेल आणि अर्धा-पाऊण तास दाबून बसूनही थांबत नसेल तर रात्र असली तरी फोन करा.

उलटी झाली आणि कवळी बाहेर आली तर साध्या पाण्याने धुवून लगेच परत बसवा. जात नसेल तर जोर लावू नका, त्याच दिवशी क्लिनिकला या. पहिल्यांदा कवळी डॉक्टरनेच काढायची, दुसऱ्या दिवशीच्या भेटीत.

५. पहिल्या आठवड्यात खायचं काय? आणि रात्री कवळी काढून झोपायचं का?

पहिला दिवस थंड किंवा कोमट, पातळ. ताक, पेज, कोमट सूप. मग मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, शिरा, दुधात कुस्करलेली पोळी. तिखट आणि कडक टाळा, मामलेदारची मिसळ एवढ्यात नाही. खाताना दोन्ही बाजूंनी छोटे घास चावा, पुढच्या दातांनी तोडू नका, पुढून दाब आला की कवळी मागून सुटते.

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने तोंड हलकेच धुवा, जोरात गुळण्या नकोत. खाल्ल्यावर कवळी काढायची, धुवायची, तोंड धुवायचं आणि लगेच परत घालायची. पहिला आठवडा, म्हणजे सूज उतरेपर्यंत, रात्रीही घालूनच झोपा. त्यानंतर मात्र उलटं, रात्री काढून पाण्यात ठेवायची म्हणजे हिरडीला आराम मिळतो. साधं पाणी बरं का, उकळतं नाही, उकळत्या पाण्याने अक्रिलिक वाकतं. आणि टूथपेस्टने घासू नका, तिने चरे पडतात, मऊ ब्रश आणि भांड्यांचं पातळ लिक्विड चालतं.

६. दुखतंय. किती दुखणं नॉर्मल समजायचं?

दात काढल्याचं दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. कमी होण्याऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढलं, कानाकडे ठणका जायला लागला, तोंडाला घाण वास किंवा चव आली तर खोबणीतली गुठळी निघाली असण्याची शक्यता आहे, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. ते दाखवावं लागतं, पेनकिलर वाढवून भागत नाही. ताप, वाढती सूज, तोंड नीट न उघडणं, गिळायला त्रास, यातलं काही असेल तर त्याच दिवशी या.

कवळी टोचण्याचं दुखणं वेगळं असतं. ते एका बोटाने दाखवता येतं, कवळी घातली की दुखतं, काढली की जातं, आणि तिथे लाल किंवा पांढरा चट्टा दिसतो. हे जवळजवळ प्रत्येकाला होतं. डॉक्टर कवळीच्या आतून एक पेस्ट लावून बघतात, जिथे पेस्ट पुसली जाते तिथे जास्त दाब आहे, तेवढंच घासतात. म्हणून पहिल्या आठवड्यात दोन-तीन फेऱ्या होतातच. येण्याआधी काही तास कवळी घालून या, नाहीतर चट्टा दिसत नाही आणि आम्ही अंदाजाने घासत बसतो. घरी कानशीने किंवा सँडपेपरने घासू नका, चुकीच्या जागी घासलं की पकडच जाते.

काही आठवड्यांनी हिरडीतून बारीक टोकदार काहीतरी वर आलंय असं वाटलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा हाडाचा सुटलेला कण असतो. आपोआप पडतो नाहीतर डॉक्टर चिमट्याने काढतात.

७. पहिले पंधरा दिवस एकदम घट्ट होती, आता महिनाभरात सैल झाली. माप चुकलं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा सूर भांडणाचाच असतो. माप बहुतेक बरोबर असतं. कवळी तशीच आहे, आतला जबडा लहान झालाय. वजन उतरल्यावर अंगठी बोटात फिरायला लागते, तसंच.

आत काय होतं ते सांगतो. दात निघाला की खोबणीत रक्ताची गुठळी होते. पहिल्या आठवड्यात तिच्या जागी नवी नाजूक पेशींची जाळी तयार होते, दोन-तीन आठवड्यांत वरून हिरडीचं कातडं मिटत येतं आणि आपल्याला वाटतं भरलं. पण आतलं हाड भरायला तीन-चार महिने लागतात. आणि ते भरत असतानाच खोबणीच्या कडा झिजत असतात. दाताच्या बाहेरच्या बाजूचं हाड, ओठाकडचं नि गालाकडचं, मुळातच पातळ असतं आणि ते दातासाठीच असतं, दात गेला की शरीर ते ठेवत नाही. त्यामुळे जबड्याची कड उंचीने कमी होते आणि त्याहून जास्त रुंदीने.

२००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एकेक दाढ किंवा उपदाढ काढलेल्या लोकांना वर्षभर तपासलं होतं. वर्षात कडेची रुंदी सरासरी निम्मी झाली, आणि त्यातला दोन तृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच. आता विचार करा, तुमचे आठ-दहा दात एकदम गेलेत. वर पहिल्या आठवड्याची सूजही उतरते. सुजलेल्या हिरडीवर घट्ट बसलेली कवळी सूज गेल्यावर थोडी सैल होणारच, ते तर हाडाच्याही आधीचं आहे.

सैल होणं म्हणजे फक्त पडणं नाही. कवळी आणि हिरडीमध्ये पोकळी झाली की अन्न आत जातं, बोलताना टकटक आवाज येतो, आणि चावण्याचा दाब सगळीकडे सारखा न पडता दोन-तीन ठिकाणीच पडतो, म्हणून जे आधी दुखत नव्हतं ते सैल झाल्यावर दुखायला लागतं. लोक म्हणतात 'टोचतंय, घासून द्या', पण अशा वेळी घासलं की ती अजून सैल होते. इथे भरावं लागतं, म्हणजे रिलाइन.

८. रिलाइन म्हणजे नक्की काय करतात? सॉफ्ट आणि हार्ड असं काहीतरी म्हणाले.

रिलाइन म्हणजे कवळीच्या हिरडीला टेकणाऱ्या बाजूला नवा थर भरणं. दात तेच, बाहेरचा गुलाबी भाग तोच, फक्त आतली बाजू आजच्या जबड्याच्या मापाची होते.

सॉफ्ट म्हणजे तात्पुरतं. क्लिनिकमध्ये पावडर-लिक्विड कालवून कवळीत ओततात आणि तोंडात बसवतात, ते हिरडीच्या आकाराचं होतं आणि रबरासारखं मऊ राहतं. अर्ध्या तासात काम होतं, कवळी लगेच घरी नेता येते. पण ते मऊ ठेवणारं द्रव्य लाळेत हळूहळू विरघळत जातं, काही आठवड्यांत तो थर कडक आणि खरखरीत होतो, वास मारतो, त्यात बुरशी धरू शकते. म्हणून ते बदलत राहावं लागतं. 'एकदा भरलंय, आता बघायला नको' असं नाही.

हार्ड म्हणजे पक्कं. कवळीची आतली बाजू थोडी खरवडतात, त्यातच पातळ मटेरियल घालून तुमच्या तोंडात माप घेतात, आणि कवळी लॅबला जाते. तिथे त्या मापाच्या जागी नवं अक्रिलिक शिजवून बसवतात. शक्यतो सकाळी देऊन संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मिळते. तेवढा वेळ बोळकं राहावं लागतं, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये लॅबचा मुलगा अडकला तर अजून एक रात्र.

माप घेण्याआधी हिरडीला आराम हवा. दाबलेल्या, लाल झालेल्या हिरडीचं माप घेतलं तर सुजलेलाच आकार कायमचा होतो. म्हणून आदल्या रात्रीपासून कवळी काढून ठेवायला सांगतात, किंवा काही दिवस आधी सॉफ्ट लायनर घालून हिरडी शांत करतात. 'काल रात्री काढायला विसरलो' असं असेल तर खरं सांगा, आम्ही तारीख पुढे ढकलू, त्यात काही बिघडत नाही.

९. कधी काय करायचं ते एका उदाहरणाने सांगाल का?

घणसोलीचे एक काका घेऊ, साठीच्या पुढचे, वरचे नऊ दात उरलेले आणि पायरियाने सगळे हलणारे. खाली स्वतःचे बरेचसे दात ठीक. आधी वरच्या मागच्या तीन दाढा काढल्या, पुढचे सहा ठेवले. महिन्याने माप घेतलं. मग एका सकाळी पुढचे सहा काढले आणि त्याच खुर्चीत वरची पूर्ण कवळी बसवली.

दुसऱ्या दिवशी कवळी काढून तपासली, उजवीकडे एक चट्टा होता, घासला. तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा बघितलं, दोन छोटे बदल केले. साधारण पाचव्या आठवड्यात त्यांचा मेसेज, 'चहा पिताना खाली येते'. तोंडात बघितलं तर मागे पकड बरी होती, पण पुढे ओठाच्या मागे पोकळी झाली होती, म्हणजे नेमकं जिथे ताजे दात काढले होते तिथे. सॉफ्ट लायनर भरलं. ते दीड-दोन महिन्यांत कडक झालं आणि पोकळी परत दिसायला लागली, म्हणून काढून नवं भरलं. तिसऱ्यांदा भरायला आले तेव्हा जुन्या थरात फारशी पोकळीच नव्हती. झीज मंदावल्याची खूण तीच.

दात काढल्याला सात महिने होत आले तेव्हा लॅबमधून पक्कं रिलाइन केलं. त्याआधी एक गोष्ट तपासली, ओठ अजून भरलेला दिसतोय का आणि दात खालच्या दातांवर नीट बसतायत का. दोन्ही ठीक होतं म्हणून रिलाइन. ठीक नसतं तर नवी कवळी, ते प्रश्न १३ मध्ये.

प्रत्येकाचं वेळापत्रक असंच नसतं. कोणाला तिसऱ्या आठवड्यातच भरावं लागतं, कोणाला तिसऱ्या महिन्यापर्यंत काही लागत नाही.

१०. सारखं तात्पुरतं भरण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात पक्कं करून टाकलं तर?

पैसे वाचतील असं वाटतं पण होतं उलटं. पहिल्या तीन महिन्यांत जबडा सगळ्यात वेगाने बदलत असतो, आज पक्कं केलं की दोन महिन्यांनी तेवढीच पोकळी परत. साधारण सहा महिन्यांनंतर वेग बराच मंदावतो, म्हणून पक्कं तेव्हा. तीन महिन्यांच्या आत मी तरी करत नाही.

याच्या उलटही एक प्रकार आहे, 'सहा महिने तशीच ढकलू, मग एकदाच करू'. तेही नको. सैल कवळी हलत राहते, जखमा करते, तिच्या कडेला हिरडीची घडी वाढू शकते जी मग कापून काढावी लागते. सुरुवातीलाच विचारा की पॅकेजमध्ये सॉफ्ट लायनर किती वेळा धरलंय आणि पक्कं रिलाइन धरलंय का. बहुतेक भांडणं इथेच होतात. खर्च जमत नसेल तर नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे ह्या भागात डेंटल कॉलेजं आहेत, तिथे वेळ जास्त जातो पण पैसे कमी लागतात.

११. मेडिकलमध्ये मिळणारी चिकटवायची पेस्ट लावली तर चालेल? आणि ऑनलाइन रिलाइन किट?

जखमा उघड्या आहेत तोवर पेस्ट नाही, ती खोबणीत जाते. हिरडी मिटल्यावर थोडी लावायला हरकत नाही, लग्नकार्यात किंवा दोन दिवस अपॉइंटमेंट मिळत नसेल तेव्हा. पण आधी एकदा लावत होतात आणि आता दिवसातून तीनदा लावावी लागतेय तर ती रिलाइनची वेळ झाल्याची खूण आहे. पेस्टने पोकळी भरत बसू नका, आतून हाडावर चुकीचा दाब पडत राहतो.

ऑनलाइन किटला माझा स्पष्ट नकार आहे. थर जाड बसतो, कवळी वाकडी टेकते, दात जुळत नाहीत, आणि ते मटेरियल नंतर खरवडून काढताना कवळीच खराब होते. फेविक्विकने तुटलेली कवळी जोडून आणणारेही आहेत, त्यांनाही हेच.

१२. वरची आता छान बसते, पण खालची रिलाइन करूनही हलतेच. असं का?

वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार असतो, तिथे ती हवा धरून चिकटते. खाली मध्ये जीभ असते, आधार फक्त नालेच्या आकाराच्या कडेचा, आणि जीभ नि गाल तिला सतत ढकलतात. शिवाय खालच्या जबड्याची कड जास्त झिजते. १९७२ साली छापून आलेल्या टालग्रेन यांच्या अभ्यासात कवळी वापरणाऱ्यांना २५ वर्षांपर्यंत तपासलं होतं, खालची झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट निघाली. त्यामुळे खालची कवळी रिलाइनने सुधारते, वरच्याइतकी घट्ट होत नाही. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना टेकवून ठेवायची सवय करा, जीभ मागे खेचली की ती उचलली जाते.

१३. रिलाइन पुरेल का नवीच करावी लागेल, हे कसं कळतं?

रिलाइन फक्त आतली पोकळी भरतं. दात जिथे आहेत तिथेच राहतात. म्हणून आरशात बघा. हसताना दात फार दिसतात का, पुढच्या दोन दातांमधली रेघ नाकाच्या सरळ रेषेत नाही का, वरचा ओठ फुगल्यासारखा वाटतो का? तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे जाते आणि ओठांच्या कोपऱ्याला चिरा पडतात का? यातलं काही असेल तर रिलाइनने सुटत नाही. सगळे दात एकदम काढून बसवलेली कवळी असेल (प्रश्न ३) तर सहा महिने ते वर्षभराने नवी करायची तयारी ठेवा, आणि जुनी स्पेअर म्हणून राहते. दाढा आधी काढून नीट केलेली असेल तर बहुतेकदा रिलाइनवर भागतं.

१४. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. आत्ता करू का लग्नानंतर?

दोन टप्प्यांत करायला महिना पुरत नाही. एकदम करायचं तर लग्नाच्या निदान तीन आठवडे आधी दात निघायला हवेत, म्हणजे सूज गेलेली, चट्टे बरे झालेले, आणि 'स'-'श' बोलायची सवय झालेली असते. घरी पेपर मोठ्याने वाचा, लवकर जमतं. लग्न आठवड्यावर आलं असेल आणि दात फार दुखत नसतील तर थांबा. फोटोत सुजलेला चेहरा येण्यापेक्षा हलणारे दात बरे.

१५. शुगर आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. चालेल का?

बहुतेकदा चालतं, पण आधी सांगा. शुगर ताब्यात नसेल तर जखमा उशिरा भरतात आणि बुरशी लवकर धरते, त्यामुळे अलीकडचा रिपोर्ट घेऊन या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, ते तुमचे फिजिशियन आणि डेंटिस्ट बोलून ठरवतील.

लोक सांगायला विसरतात ते हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शनचं. सहा महिन्यातून किंवा वर्षातून एकदाच असतं म्हणून लक्षात राहत नाही. त्या औषधांवर दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो, आणि सैल कवळीने झालेली जखमही तिथे महागात पडू शकते. कॅन्सरसाठी तोंड-मानेला शेक दिलेला असेल तर तेही आधी. या लोकांची इमिजिएट कवळी वेगळा विचार करूनच ठरवायची.

१६. वरचे सगळे गेले, खालचे पुढचे सहा दात स्वतःचे पक्के आहेत. मग काळजी कसली?

काळजी हीच आहे. खालचे खरे दात सतत वरच्या कवळीच्या पुढच्या भागावर मारा करतात, तिथलं हाड झिजतं आणि त्या जागी मऊ, हलणारी हिरडी उरते. कवळी पुढून वर ढकलली जाते आणि मागून सुटते. खाली मागे दाढा नसतील तर खाली पार्शल, म्हणजे फक्त गेलेल्या दातांपुरती कवळी, बसवून चावणं मागे न्यावं लागतं. पार्शल करून कपाटात ठेवणारे बरेच आहेत, आणि वरची कवळी लवकर लवकर सैल होते ती त्यांचीच. अशा हलत्या हिरडीवर रिलाइनचं माप घेताना दाब न देता घ्यावं लागतं, नाहीतर ती हिरडी दाबलेल्या अवस्थेत मोजली जाते आणि चावणं थांबलं की कवळीला ढकलते.

१७. पक्कं रिलाइन करून आणलं, घट्ट बसते, पण तोंड भरल्यासारखं वाटतं आणि बोलताना दात एकमेकांवर आपटतात. नॉर्मल का?

घट्टपणाची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात, पण दात आपटणं नॉर्मल नाही. माप घेताना मटेरियलचा थर जाड राहिला की वरची कवळी तेवढी खाली आणि पुढे बसते, आणि लॅबमध्ये ते तसंच पक्कं होतं. मग तोंडाची उंची वाढते. ओळखायची खूण अशी की काही दात आधी टेकतात आणि बाकीचे टेकायला जोर लावावा लागतो, ओठ सहज मिटत नाहीत, दिवसअखेर गालाचे स्नायू दुखतात.

थोडासा फरक असेल तर डॉक्टर कार्बन पेपर चावायला देऊन उंच जागा घासतात आणि काम होतं. फरक जास्त असेल तर घासून उपयोग नाही, दातांचा वरचा आकारच जातो, तेव्हा तो थर काढून माप परत घ्यावं लागतं. म्हणून कवळी हातात मिळाली की लगेच पळू नका. खुर्चीत बसूनच दहा-पंधरा वेळा दात मिटून बघा, साठ ते सत्तर आकडे मोठ्याने म्हणा, आणि कुठे आपटतंय वाटलं तर तिथल्या तिथे सांगा.